ताळेबंद जुळला, तरी पैसे बुडाले

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरच्या अणदूरच्या शिवारात तूर पिकते. तिथे कुणी डाळमिल टाकायची म्हटली, तर हिशेब कसा होईल? आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत.

यंत्रे २० लाखांची, आयुष्य ५ वर्षे, नंतर भंगाराची किंमत शून्य. म्हणजे घसारा वर्षाला ४ लाख. भाडे-पगाराचा ठरलेला खर्च ३ लाख. क्विंटलमागे भरडाईतून वीज-मजुरी वजा जाता ५०० रुपये उरतात. सात लाख भागिले ५००, म्हणजे १,४०० क्विंटल. एवढी तूर भरडली की वहीत ना नफा, ना तोटा.

पण यात एक खोट आहे. १,४०० क्विंटलवर दरवर्षी घसाऱ्याएवढेच ४ लाख हातात येतात. पाच वर्षांत २० लाख परत येतात खरे, पण व्याजाचा एक पैसाही नाही. तेच पैसे इतरत्र १२ टक्क्यांनी वाढले असते असे धरले, तर या पाच हप्त्यांची आजची किंमत जेमतेम १४.४२ लाख भरते. सरळ ५.५८ लाखांचे नुकसान!

निव्वळ वर्तमान मूल्य शून्यावर आणायचे, तर वर्षाला सुमारे ५.५५ लाख रोख हवेत. त्यात ठरलेले ३ लाख मिळवून ५०० ने भागा: साधारण १,७१० क्विंटल. तीनशे क्विंटलांचा हा फरक वहीत दिसतच नाही. अपेक्षित दर १५ टक्के धरला, तर आकडा १,७९३ वर जातो. वहीतला १,४०० मात्र जागचा हलत नाही. आयकर धरला, तर १,७१० आणखी वाढेल.

मिल टाकणाऱ्याने बँकेत जाण्याआधी वर्तमान मूल्याचा हा दुसरा आकडा काढावा.