मुलाखतीआधीची मुलाखत

माणसावर ताण आला की शरीरात काय घडतं हे मोजायचं असेल, तर आधी हमखास ताण आणता यायला हवा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक चाचणी बसवली आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ही चाचणी म्हणजे चक्क नोकरीची लुटुपुटूची मुलाखत आहे. उमेदवाराला तयारीसाठी थोडा वेळ देतात, मग त्याची टिपणं काढून घेतात आणि ‘ही नोकरी मलाच का द्यावी’ हे परीक्षकांसमोर पाच मिनिटं बोलायला लावतात. परीक्षक हसत नाहीत, मानही डोलवत नाहीत. पुढची पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक या चाचणीनंतर लाळेत दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेलं आढळलं. ताणाच्या संशोधनात ही चाचणी आजही जगभर वापरतात.

मुलाखतीआधी पोटात गोळा येणं, तोंडाला कोरड पडणं, हात गार होणं हे सगळं या चाचणीत धडधाकट माणसांनाही होतं. त्यामुळे ‘घाबरू नकोस’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही. उपयोग कशाचा होतो, याचं उत्तर याच गटाने १९९५ मध्ये दिलं. त्यांनी २० पुरुषांना सलग पाच दिवस रोज या चाचणीला बसवलं. त्यातल्या १३ जणांचं शरीर पहिल्या दिवसानंतर फारसं खवळलं नाही. उरलेल्या सात जणांचं कॉर्टिसॉल मात्र पाचही दिवस वाढत राहिलं. सरावाचं बळ आणि त्याची मर्यादा या एकाच प्रयोगात दिसते. बहुतेकांना परक्या नजरेची सवय लवकर होते. काहींना जास्त फेऱ्या लागतात आणि सरावाच्या जोडीला आणखीही काही लागतं.

पण ही सवय नजरेसमोर बसूनच होते. आपल्याकडची तयारी बहुधा मनातल्या मनात चालते. ‘मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न’ असं काहीतरी डाउनलोड करायचं, उत्तरं तीन-तीनदा वाचायची, आणि वाचताना सगळं येतंय असं वाटत राहतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना तो पाच मिनिटांनी जास्त आठवतो. पण आठवड्याने तो जास्त आठवतो त्यांना, ज्यांनी मजकूर बाजूला ठेवून आठवून पाहिलेला असतो. मुलाखतीत कागद समोर नसतो. मग तयारीतही तो नको.

समजा, बारामतीजवळच्या एका गावची बी. कॉम. झालेली मुलगी आहे. मराठी माध्यमात शिकलेली, तालुक्याच्या एका कर सल्लागाराकडे वर्षभर काम केलेली. पुण्यातल्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी तिला आठवड्याने बोलावलंय. पुण्यातली रूममेट तिची मॉक मुलाखत घेणार आहे.

पहिल्या दिवशी मॉक नाही, फक्त ‘तुमच्याबद्दल सांगा’ या प्रश्नाचं उत्तर. हा प्रश्न जवळजवळ नक्की येतो आणि तो येतो तेव्हा धडधड सगळ्यात जास्त असते. म्हणून पहिली दोन मिनिटं आधी हातात असायला हवीत. तिचं नेहमीचं उत्तर असतं नाव, गाव, वडील शेती करतात, आई गृहिणी आहे, छंद वाचन. त्यात कामाबद्दल एक अक्षर नसतं, त्यामुळे पुढचा प्रश्न कुठूनही येऊ शकतो. त्याऐवजी चार मुद्दे ठरवायचे: शिक्षण एका वाक्यात, वर्षभरात काय केलं, म्हणजे टॅलीत नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, दर महिन्याच्या जीएसटी विवरणपत्रांची तयारी, त्यातलं एक काम जरा तपशिलात, आणि ही जागा का हवी. मुद्दे पाठ करायचे, वाक्यं नाहीत. वाक्यं घोकली तर एक शब्द निसटला की पुढचं सगळं कोसळतं, आणि नेमकं तेच भीतीचं कारण होऊन बसतं. मुद्दे डोक्यात असले की वाक्य प्रत्येक वेळी थोडं वेगळं येतं, आणि तसंच यायला हवं. उत्तर इंग्रजीत द्यायचं असेल तर सरावही इंग्रजीत आणि मोठ्याने हवा, कारण जिभेला त्या शब्दांची सवय वाचून लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली मॉक. रूममेटने वीसेक प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून त्या पिसायच्या, म्हणजे प्रश्नांचा क्रम कुणालाच माहीत नसतो. दोघींनी टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं, पलंगावर मांडी घालून नाही. उमेदवाराने दार ठोठावून आत यावं. हे नाटकी वाटतं, हसूही येतं, पण पहिली पाच मिनिटं हसू दाबून काढली की ते विरतं. मोबाइल बाजूला रेकॉर्डिंगला लावायचा. वीस मिनिटं मुलाखत, वीस मिनिटं चर्चा. मध्ये थांबून दुरुस्त्या करायच्या नाहीत. उत्तर अडलं तर मैत्रिणीने शब्द पुरवायचा नाही. ही सगळ्यात अवघड अट आहे. मैत्रीण अडखळताना पाहवत नाही, पण शांततेत अडकून पुन्हा वाट काढणं हाच तर सराव आहे.

आणि उपप्रश्न हवेत. ‘मी बँक रिकन्सिलिएशन करायचे,’ असं ती म्हणाली, तर मैत्रिणीने विचारायचं, ‘म्हणजे नेमकं काय करायचात?’ मैत्रिणीला विषय माहीत नसला तरी हा प्रश्न विचारता येतो, आणि खरी मुलाखत घेणारेही तोच विचारतात. पहिल्या मॉकमध्ये उत्तर बहुधा ‘म्हणजे बँकेशी टॅली करायचं’ इथेच थांबतं. चर्चेनंतर तेच असं होतं: ‘आम्ही दिलेला चेक पुरवठादाराने महिनाअखेरपर्यंत बँकेत भरला नसेल, तर आमच्या कॅशबुकात रक्कम वजा झालेली असते, बँकेच्या स्टेटमेंटला नसते. असे फरक शोधून यादी करायची.’ उदाहरण आलं की आवाजही बदलतो. आपण केलेल्या कामाबद्दल बोलताना माणसाला शब्द शोधावे लागत नाहीत.

शब्द शोधण्याचा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. घाबरलेला माणूस भराभर बोलतो असा समज आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात फायलर आणि पॉवेल यांनी मॉक मुलाखतींची चित्रफीत तपासली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटं दिसलं: मिनिटाला कमी शब्द बोलणारे उमेदवार घाबरलेले वाटले. हातांची चुळबूळ, कपडे सारखे करणं या गोष्टींना परीक्षकांनी फारसं महत्त्व दिलं नव्हतं. उमेदवाराचं नुकसान होत होतं ते तो आत्मविश्वासाने आणि आपुलकीने बोलत नाहीये असं वाटल्यामुळे. म्हणून मॉकचं रेकॉर्डिंग ऐकताना ‘हात कुठे होते’ हे पाहत बसू नये. कुठल्या उत्तरात ‘अं… म्हणजे…’ करत लांब खंड पडले ते टिपावं. ज्या उत्तरात खंड जास्त, त्याची तयारी कमी, हा सरळ हिशेब आहे.

मॉक संपताच, चर्चा सुरू होण्याआधी, आणखी एक गोष्ट करावी. ‘मी किती घाबरलेली दिसले’ याला उमेदवाराने दहापैकी गुण कागदावर लिहावेत आणि मैत्रिणीने वेगळे लिहावेत. बहुतेक वेळा उमेदवाराचा आकडा मोठा निघतो. आतली धडधड आपल्याला एवढी ठळक जाणवते की ती समोरच्याला ऐकू येत असणार असं वाटतं. साविट्स्की आणि गिलोविच यांच्या २००३ च्या प्रयोगात, हा भ्रम असतो एवढं आधी सांगितलेल्या विद्यार्थ्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली. दोन चिठ्ठ्यांवरचे आकडे शेजारी ठेवले की ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही.

दुसरी मॉक दोन दिवसांनी, आणि ती ट्रिअरच्या पद्धतीने, कोऱ्या चेहऱ्याची. परीक्षक हसला नाही म्हणजे उत्तर चुकलं असं नसतं. तो कदाचित लिहून घेत असतो. तिसरी मॉक ओळख नसलेल्या माणसाने घ्यावी, मैत्रिणीच्या ऑफिसातल्या कुणी किंवा कॉलेजातल्या एखाद्या सरांनी, आणि ती मुलाखतीच्याच कपड्यांत व्हावी. मैत्रिणीच्या मॉकमध्ये एक धोका कायम असतो: ‘मस्त झालं गं!’ एवढ्यावर सगळं संपतं. त्यापेक्षा तिला एकच काम द्यावं. कुठलं उत्तर पटलं नाही ते एक सांगायचं, आणि त्याच उत्तराचा दुसरा प्रयत्न लगेच ऐकायचा.

आता श्वास. श्वास घेताना हृदयाचे ठोके थोडे वाढतात आणि सोडताना मंदावतात. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस नस उच्छ्वासाच्या वेळी ठोक्यांना आवर घालते. म्हणून सोडलेला श्वास लांबवायचा. नाकाने श्वास घ्यायचा, वर आणखी एक छोटासा घ्यायचा आणि तोंडाने सावकाश, पूर्ण सोडायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात महिनाभर रोज पाच मिनिटं काही जणांना हा प्रकार, काहींना श्वासाचे इतर प्रकार आणि काहींना ध्यान करायला दिलं होतं. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार चिंता सगळ्याच गटांत कमी झाली, पण प्रसन्नता सर्वाधिक वाढली ती लांब उच्छ्वासाच्या गटात.

इथे एक चूक सर्रास होते. ‘खोल श्वास घे’ म्हटल्यावर माणूस भराभर मोठे श्वास घेऊ लागतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती वाढते. मुंग्या आल्या तर समजावं की हवा जास्त घेतली जातेय. श्वास छोटा करावा. हा सराव मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा करू नये. आठवडाभर रोज मॉकआधी पाच मिनिटं केला तर रिसेप्शनजवळच्या खुर्चीत बसून चार आकडे श्वास आणि सहा आकडे उच्छ्वास कुणाच्या लक्षातही न येता जमतो. आत गेल्यावर मोजत बसायचं नाही. प्रश्न संपला की एक श्वास सोडायचा आणि मग बोलायला लागायचं. श्वासाने आवाजाचा कंप कमी होतो. चेकचा फरक कसा शोधायचा हे मात्र श्वास सांगत नाही.

काही जणांना एवढंही पुरत नाही. मुलाखतीचा फोन आला की रात्र-रात्र झोप लागत नाही, छाती आवळते, किंवा बोलावणं आलेलं असूनही ऐनवेळी जाणं टाळलं जातं, आणि हे पुन्हापुन्हा होतं. असं असेल तर मॉकच्या फेऱ्या वाढवण्याआधी समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं. यावर चांगले उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येतं.