गरम नळाची टकटक

गच्चीवरच्या सोलरचा गरम नळ सोडला की भिंतीत टक... टक... सुरू होते. मिनिट-दोन मिनिटांत ती विरळ होते आणि थांबते. नळ बंद केल्यावर पाइप निवताना पुन्हा थोडी ऐकू येते. थंड पाण्याला मात्र काहीच आवाज नाही. एवढ्यावरून कारण कळतं: पाइप तापून लांब होतोय.

किती लांब? गच्चीवरून उतरलेला दहा मीटरचा सीपीव्हीसी पाइप २५ अंशांवरून ६० अंशांवर गेला, तर साधारण २२ मिलिमीटर वाढतो. तेवढाच जुना जीआय पाइप जेमतेम चार. म्हणून नवं प्लंबिंग जास्त बोलतं! क्लॅम्पने करकचून धरलेला पाइप अडतो, ताण साठतो आणि एकदम निसटतो. प्रत्येक निसटण्याची एक टक. क्लॅम्पचा स्क्रूच ढिला असेल तर अख्खा क्लॅम्प पाइपाबरोबर हलून करकरतो.

प्लंबर बहुधा सगळंच आवळून टाकतो. ते चूक. क्लॅम्प भिंतीला पक्का हवा, पण पाइप त्यात लांबीच्या दिशेने सरकायला हवा. त्यासाठी किंचित मोठा क्लॅम्प किंवा आत गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर चालतं. स्लॅबमधून पाइप जातो तिथलं भोकही सिमेंटने घट्ट बुजवू नये. कोपऱ्याजवळचा क्लॅम्प थोडा लांब सरकवला, तर वाढीव लांबी वळणात सामावते.

नळ बंद करताक्षणी एकच दणका बसत असेल, तर तो पाण्याच्या धक्क्याचा. त्याचा तापण्याशी संबंध नाही.