नडगी दुखतेय, पण किती लांबीत?

पोलीस भरतीची जाहिरात आली की गावोगावच्या मैदानांवर पहाटे गर्दी उसळते. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, मुलींना ८००. वर्षभर न धावलेले पाय अचानक रोज डांबरी रस्त्यावर आपटू लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी धरते.

हा काळ योगायोगाने येत नाही. वाढलेल्या ताणाला हाड स्वतःची डागडुजी करून उत्तर देतं. त्यात आधी जुना भाग काढला जातो आणि नवा नंतर भरला जातो. काढायला काही आठवडे पुरतात, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड थोडं कमजोरच असतं आणि नेमकं तेव्हाच आपण पळण्याचं अंतर वाढवत असतो.

समजा, अशीच एक मुलगी सरावाला लागली आहे. नडगीच्या आतल्या कडेवर, घोट्याच्या वरच्या भागात तिला दुखतं. बोटाने कड दाबत गेलं तर चार-पाच बोटं रुंदीचा किंवा त्याहून लांब पट्टा दुखरा लागतो. पळायला सुरुवात केली की ठणकतं, अंग तापलं की कमी होतं, थांबल्यावर पुन्हा जाणवतं. हे बहुधा शिन स्प्लिंट. पळणं थांबवून सायकल किंवा पोहणं, दुखेल तेव्हा बर्फ, आणि चालताना व दाबताना दुखेनासं झालं की आधीच्या निम्म्या अंतरापासून हळूहळू सुरुवात. याला काही आठवडे लागतात. गोळी खाऊन पळणं हा यातला सर्वांत वाईट उपाय, कारण त्याने फक्त इशारा बंद होतो.

आता तीच मुलगी पळतच राहिली असं धरा. दुखणं एका जागी गोळा होतं. एका बोटाने दाखवता येईल असा ठिपका, दाबला की जीव कळवळतो. पळताना ते कमी न होता वाढत जातं, मग साध्या चालण्यातही लंगडायला होतं, रात्री झोपेतही ठणकतं. इथे स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला गेलेल्या बारीक तड्याची शंका घ्यायलाच हवी. एका पायावर उड्या मारून खात्री करत बसू नये, तड्यावर तो आणखी मार ठरतो.

अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञाकडे लगेच जावं. पाळी अनियमित झाली असेल किंवा जेवण कमी केलं असेल तर तेही न लाजता सांगावं, कारण अशा शरीरात हाड लवकर तडकतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्स-रे अगदी स्वच्छ येऊ शकतो. तो पाहून ‘काही नाही’ म्हणत पुन्हा मैदानात उतरणारे बरेच असतात. शंका पक्की असेल तर डॉक्टर एमआरआय सांगतात, त्यात हाडावरचा ताण लवकर दिसतो.

ठिपका आतल्या कडेऐवजी नडगीच्या पुढच्या धारेवर, मधोमध असेल तर त्याच दिवशी पळणं बंद. तिथला तडा भरायला फार वेळ घेतो, आणि धावणं चालूच ठेवलं तर हाड पूर्ण मोडून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.