कापड आणि कापडं : मराठीतला गळणारा ‘अ’

देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यात ‘अ’ धरलेलाच असतो. संस्कृत म्हणताना तो प्रत्येक ठिकाणी उच्चारतात. मराठी, हिंदी, गुजराती या भाषांनी लेखन तेच ठेवले, पण बोलण्यातले बरेच ‘अ’ गाळून टाकले. ‘घर’ लिहायचे आणि ‘घर्’ म्हणायचे. शेजारच्या ओडियाने मात्र शेवटचा ‘अ’ जपला आहे. तिथे ‘घर’ हा शब्द दोन्ही स्वरांसह ऐकू येतो.

शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गळतो हे सहज लक्षात येते. त्याला अपवाद आहे तो जोडाक्षराचा. ‘मित्र’, ‘रक्त’ अशा शब्दांत शेवटी हलका ‘अ’ राहतो, कारण दोन व्यंजनांना टेकायला काहीतरी हवे असते. खरी गुंतागुंत आहे ती शब्दाच्या मधल्या ‘अ’ची.

‘कापड’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. शेवटचा ‘अ’ जातो आणि ‘का-पड्’ असे दोन तुकडे पडतात. आता त्याचे बोलीतले अनेकवचन घ्यावे : ‘कापडं’. अक्षरे तीच, फक्त एक टिंब वाढले. इथे अनुस्वाराचा उच्चार नाकातून होत नाही. शेवटचा ‘अ’ म्हणायचा आहे, एवढीच ती खूण. तो स्वर उभा राहताच मधल्या ‘प’चा ‘अ’ नाहीसा होतो आणि कानी येते ‘काप्-डं’. म्हणजे कोणता ‘अ’ गळणार हे त्याच्या पुढे काय उरले आहे यावर ठरते.

म्हणूनच हिशेब शब्दाच्या शेवटाकडून सुरू करावा लागतो. मंजरी ओहाला यांनी हिंदीच्या ध्वनिव्यवस्थेवरील 1983च्या ग्रंथात मांडलेला नियम याच वळणाचा आहे : ‘अ’च्या आधी स्वर आणि एकच व्यंजन असेल, नंतरही एकच व्यंजन आणि स्वर असेल, तर तो गळतो. वृत्तांच्या भाषेत सांगायचे तर लघु ‘अ’ जातो आणि गुरू टिकतो. ‘कापड्’मध्ये ‘पड्’ बंद होऊन गुरू झाले, म्हणून तिथला ‘अ’ सुरक्षित राहिला. ‘कापडं’मध्ये ‘प’ उघडा, लघु राहिला आणि गेला. त्याचे व्यंजन मागच्या ‘का’ला जाऊन चिकटले. शब्दाचा पहिला ‘अ’ कधी जात नाही, कारण त्याचे व्यंजन टेकवायला मागे काहीच नसते. जोडाक्षरानंतरचा ‘अ’ही सहसा टिकतो. ‘पदरात’चे ‘पद्रात’ होते, पण ‘उत्तरात’चे ‘उत्त्रात’ होत नाही.

क्रियापदांत हा खेळ रोज चालतो. ‘समजणे’ म्हणताना शेवटाकडून आधी ‘ज’चा ‘अ’ जातो, ‘मज्’ गुरू होते आणि ‘म’चा ‘अ’ वाचतो : ‘समज्णे’. ‘समजा’मध्ये प्रत्यय स्वराचाच आहे, तो ‘ज’मध्ये मिसळून जातो आणि मग ‘म’ची पाळी येते : ‘सम्जा’. धातू एकच असूनही त्याचा वेगळा ‘अ’ गळतो.

एवढ्या नियमावर विसंबून ‘उल्हासनगर’ वाचले तर मात्र फसगत होते. शेवटाकडून मोजताना ‘न’चा ‘अ’ लघु ठरतो, तो गाळला की हाती येते ‘उल्हासन्गर’. असे कुणीच म्हणत नाही. बोलणाऱ्याच्या मनात तिथे दोन शब्द असतात. ‘उल्हास’ संपतो तिथे त्याचा शेवटचा ‘अ’ जातो, आणि ‘नगर’चा ‘न’ हा नव्या शब्दाचा पहिला ‘अ’ असल्यामुळे टिकतो : ‘उल्हास्-नगर्’. दोन घटकांमधली ही शिवण कागदावर दिसत नाही, पण उच्चार तीच ठरवते.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे ‘अडगळ’ आणि ‘असफल’ ही जोडी. दोन्ही चार अक्षरांचे, दोन्हींत काना-मात्रा नाही, जोडाक्षर नाही. तरी पहिल्याचे ‘अड्गळ्’ होते आणि दुसरे ‘अ-सफल्’च राहते. ‘असफल’मध्ये ‘अ’ या उपसर्गानंतर शिवण आहे, म्हणून ‘स’ला पहिल्या अक्षराचे संरक्षण मिळते. ‘अडगळ’मध्ये बोलणाऱ्याला तशी शिवण जाणवत नाही. स्वरादी प्रत्ययापाशी मात्र ही शिवण पुसली जाते, हे ‘सम्जा’मध्ये दिसलेच.

नियमाला मर्यादाही आहेत. सावकाश, जपून बोलताना तत्सम शब्दांतले मधले ‘अ’ परत येतात आणि गाण्यात तर शेवटचेही. पण रोजच्या बोलण्यासाठी मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा बनवायची असेल, तर अक्षरे मोजणे पुरत नाही. शब्द कुठे जोडला आहे हे तिला आधी शिकवावे लागते. नाहीतर ती गाडीत ‘उल्हासन्गर’ची घोषणा करील.