लिंटेल भिंतीत किती टेकवायचं?

खिडकीच्या वर लिंटेल हवं, हे कुणाला सांगावं लागत नाही. ते दोन्ही बाजूंना भिंतीवर किती टेकलं पाहिजे, हे विचारलं की मात्र वेगवेगळी उत्तरं मिळतात. एक गवंडी चार इंच सांगतो, दुसरा सहा, तिसरा म्हणतो, ‘साहेब, अर्धी वीट बास झाली.’ तिघांचंही कुठे ना कुठे बरोबर असतं. कारण उत्तर खिडकीच्या रुंदीइतकंच लिंटेलच्या डोक्यावर काय आहे यावर ठरतं.

चार फूट रुंदीची एक खिडकी घेऊ. भिंत नऊ इंची विटेची, लिंटेल सहा इंच जाडीचं. हीच खिडकी आधी कॉलम-बीमच्या इमारतीत बघू. तिथे स्लॅबचा भार बीमवर जातो, भिंत नुसती मधे भरलेली असते. शिवाय भिंतीचा सगळा भाग लिंटेलवर बसत नाही. विटा एकमेकींवर सांधमोड करून रचलेल्या असल्यामुळे वरचं वजन कमानीसारखं दोन्ही बाजूंना सरकतं आणि लिंटेलवर साधारण समभुज त्रिकोणाएवढ्याच विटा येतात. टेकणं मध्यापर्यंत धरली तर या त्रिकोणाचा पाया साडेचार फूट आणि उंची जवळजवळ चार फूट होते. विटेची भिंत घनफुटाला साधारण 55 किलो धरली, तर त्रिकोणाचं वजन 360 किलोच्या आसपास येतं. लिंटेलचं स्वतःचं 130 किलो मिळवलं की 490. म्हणजे प्रत्येक टोकावर 245 किलो. भिंतीची उंची त्रिकोणाएवढी नसली तर याहूनही कमी. एवढ्यासाठी चार इंच टेकणही भाराच्या हिशेबात चालून जातं.

आता तीच खिडकी गावाकडच्या घरात, जिथे स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला आहे. लिंटेलचा तळ सात फुटांवर, स्लॅबचा तळ दहा फुटांवर. लिंटेलच्या वर भिंत उरली अडीच फूट. चार फूट उंचीचा त्रिकोण तिथे मावतच नाही. तो पुरा होण्याआधीच स्लॅब आडवा येतो, आणि मग स्लॅबचं ओझं लिंटेलवर उतरतं. खोली बारा फुटांची असेल तर निम्मा, म्हणजे सहा फुटांचा पट्टा या भिंतीकडे येतो. स्लॅब, वरची फरशी आणि माणसं-सामान मिळून चौरस फुटाला 56 किलो धरले, तर खिडकीच्या वाट्याला दीड टन होतात. भिंतीचे 460 आणि लिंटेलचे 130 किलो मिळवून बेरीज 2,100 किलोच्या घरात जाते. प्रत्येक टोकावर हजारावर किलो.

हे वजन उतरतं कशावर? टेकण सहा इंच असेल तर सहा गुणिले नऊ, म्हणजे 54 चौरस इंचांवर. दर चौरस इंचाला साडेएकोणीस किलो. साध्या विटेची, साध्या मालातली भिंत वीस-बावीस किलोपर्यंत झेलते असं धरतात. म्हणजे सहा इंच जेमतेम बसले. टेकण तीनच इंच ठेवलं तर हाच आकडा 39 होतो आणि वीट ते सहन करत नाही. नऊ इंच ठेवलं, तर तेरा-चौदावर येतो. हा हिशेब जरा कडक धरलाय हे खरं. पण दुसऱ्या बाजूला, भार टेकणावर सारखा पसरत नाही. लिंटेल मधे किंचित वाकतं, त्यामुळे खिडकीच्या कडेची वीट सगळ्यांत जास्त दाबली जाते. म्हणून मी भिंतीवर स्लॅब टेकणाऱ्या घरात सहा इंचांच्या खाली जाऊ नये, आणि चार फुटांपुढच्या खिडकीला नऊ इंच ठेवावं, असं सांगतो. पाठ्यपुस्तकांतला ठोकताळा असा की टेकण दहा सेंटिमीटर, लिंटेलची जाडी आणि खिडकीच्या रुंदीचा दहावा-बारावा हिस्सा, यांतलं जे मोठं ते घ्यावं. आपल्या खिडकीला यातूनही सहा इंचच येतात. मात्र हा ठोकताळा वरचं ओझं विचारत नाही.

कोकणात आणि गोव्यात जिथे भिंती चिऱ्याच्या आहेत, तिथे आणखी सैल हात ठेवावा. चिरा खाणीगणिक बदलतो, आणि कच्च्या, सच्छिद्र चिऱ्यावर लिंटेलचं टोक ठेवलं तर कडा चुरते. निवडक घट्ट चिरा टेकणाखाली ठेवावा, किंवा काँक्रीटचा छोटा ठोकळा ओतावा. विटेच्या भिंतीतही टेकणाखाली अद्धा किंवा पाव विटेचे तुकडे लावलेले दिसतात, कारण खिडकीच्या कडेला थर जुळवताना तेच हाताशी असतात. तिथे अख्खी वीट हवी, मालावर नीट बसवलेली.

लिंटेल कशाचं, हा प्रश्न आज बहुतेकांसाठी सुटलेला आहे. सागवान जुन्या वाड्यांत टिकलं, पण वाळवी आणि ओल टोकांपासूनच खाते. दगडी पट्टी दाब सोसते, पण वाकवायला गेलं की तुटते, म्हणून कोनाड्यापुरती ठीक. जुन्या भिंतीत नवं दार फोडायचं असेल तर लोखंडी चॅनेल सोयीचे, कारण निम्मी जाडी फोडून एक बसवायचा, मग दुसऱ्या बाजूचा. बाकी सगळीकडे आरसीसी. त्यात दोन गोष्टी स्वतः बघाव्यात. सळ्या तळाशी हव्यात, आणि त्या टेकणाच्या शेवटापर्यंत, काँक्रीटचं आवरण सोडून, पोचल्या पाहिजेत. काँक्रीट सहा इंच आत आणि सळई खिडकीच्या कडेलाच संपलेली, असं घडतं. तयार लिंटेल आणलं असेल तर ते उलटं बसलं नाही ना, हे बघावं. सळ्या वर गेल्या की त्या निरुपयोगी. वरच्या बाजूला ओतल्या दिवशीच खडूने ‘वर’ लिहिणं सोपं.

छज्जा लिंटेलला जोडून ओतला, तर त्याच्या सळ्या उलट वरच्या बाजूला लागतात, आणि भिंतीवरचं वजनच त्याला धरून ठेवतं. वरचा थर न रचता सेंट्रिंग काढलं की छज्जा लिंटेलसकट पुढे कलंडू शकतो. म्हणून लिंटेलवर भिंत चढेपर्यंत टेकू तसेच ठेवायचे.

खिडक्या जवळजवळ असतील, तर दोन टेकणं एकाच अरुंद खांबावर येऊन हिशेब बिघडतो. तिथे अखंड पट्टी ओतावी. भूकंपाच्या पट्ट्यात हीच पट्टी घराभोवती पूर्ण फिरवतात, कोपऱ्यांत सळ्या वळवून जोडतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती उकलून पडल्या. नंतरच्या बांधकामात अशा पट्ट्यांवर जोर दिला गेला. पट्टी असली की टेकणाचा वेगळा प्रश्न उरत नाही.

गिलावा झालेल्या घरात तपासायचं असेल तर भेगा वाचाव्यात. लिंटेलच्या मधोमध, तळापासून वर चढणारी उभी भेग वाकल्याची असते, म्हणजे सळई कमी किंवा लिंटेल पातळ. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी जाणारी भेग टेकण दबल्याची असू शकते, पण पाया खचला तरी अशीच दिसते. पाया खचला असेल तर भेगा खालच्या कोपऱ्यांतही असतात, शेजारच्या खिडक्यांतही. टेकणाची असेल तर ती एकाच टोकाशी राहते आणि कडेचा गिलावा फुगून सुटतो. तिथे छिन्नीने बोटभर गिलावा काढला की लिंटेलचं टोक किती आत गेलंय ते टेपनेच मोजता येतं.