साधूंचा मठ, चाळीस नाइट आणि सूतकाठ्या घेतलेल्या म्हाताऱ्या

इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात तिथे बेनेडिक्टाइन साधूंचा एक श्रीमंत मठ होता. 1182 ते 1211 या काळात सॅमसन नावाच्या करारी मठाधिपतीने त्याचा कारभार पाहिला. त्याच मठातल्या जोसलिन नावाच्या साधूने हा कारभार जवळून पाहून लॅटिनमध्ये लिहून ठेवला. पाठ्यपुस्तकात सरंजामशाहीचा एक त्रिकोण असतो: टोकावर राजा, मध्ये उमराव आणि नाइट, तळाशी शेतकरी. त्या त्रिकोणात जिवंत माणसे पाहायची तर जोसलिनइतका चांगला वाटाड्या मला माहीत नाही.

साधूंचा मठ जहागीरदार कसा, हे आधी सांगायला हवे. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि सगळी जमीन अखेर राजाची, असे ठरले. ती त्याने आपल्या साथीदारांना, बिशपांना आणि मठांना वाटून दिली, पण फुकट नाही. प्रत्येकाने राजाच्या लढाईसाठी ठरलेल्या संख्येने चिलखती घोडेस्वार, म्हणजे नाइट, द्यायचे होते. बरीच्या मठाकडे हा आकडा 40 होता.

पण नाइट पोसणे खर्चाचे काम होते. लढाईचा घोडा, लोखंडी कड्यांचे चिलखत, सोबतचा नोकर आणि लहानपणापासूनची तालीम, हे सगळे एका माणसापाठी लागे. रोख पगार द्यावा इतका पैसा त्या काळी हाती खेळत नव्हता. म्हणून मठाने आपल्या जमिनीतले तुकडे नाइटांना तोडून दिले. जमीन घेणारा मालकापुढे निःशस्त्र आणि उघड्या डोक्याने गुडघे टेकी, जोडलेले हात त्याच्या हातांत देई आणि निष्ठेची शपथ घेई. त्या क्षणापासून दोघेही बांधले जात. नाइटाने लढायचे, मालकाच्या कचेरीत हजर राहून सल्ला द्यायचा, न्यायाला बसायचे. मालकाने त्याचे रक्षण करायचे आणि दिलेली जमीन त्याच्याकडे राहील याची हमी द्यायची.

आता 1198 सालची गोष्ट. राजा रिचर्ड फ्रान्समध्ये लढत होता. त्याने बिशपांना आणि मठाधिपतींना फर्मावले की दर दहा नाइटांमागे एक समुद्रापलीकडे पाठवा. बरीच्या वाट्याला चार आले. सॅमसनने आपल्या नाइटांना बोलावले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. आम्ही किंवा आमचे बाप लढाईसाठी कधी इंग्लंडबाहेर गेलेलो नाही. लढाईऐवजी कधीमधी पैसे भरले आहेत, एवढेच, असे त्यांचे म्हणणे होते. सॅमसन कात्रीत सापडला. नाइटांवर जबरदस्ती केली तर त्यांचा जुना हक्क मोडतो, राजाला नाही म्हणावे तर मठाची जमीन जप्त होते. तो स्वतः समुद्र ओलांडून राजाला भेटला. राजाला पैसे नको होते, माणसे हवी होती. शेवटी सॅमसनने चार भाडोत्री नाइट उभे केले आणि 40 दिवसांच्या खर्चापोटी त्यांना 36 मार्क दिले. लढाई वर्षभरही चालेल, हे लक्षात आल्यावर राजाला 100 पाऊंड देऊन त्याने हे लचांड सोडवले.

या प्रसंगात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नाइटांचा नकार. त्यांनी बंड केले नाही, वडिलोपार्जित रिवाजावर बोट ठेवले आणि तो रिवाज मालकाला मानावा लागला. सेवा किती दिवसांची आणि कुठपर्यंतची, यावर वरच्या थरात सतत घासाघीस चाले.

याच थरातली दुसरी बाजू मात्र क्रूर होती. जमीनधारक मेला आणि वारस अज्ञान असला, तर वारस मोठा होईपर्यंत जमिनीचे उत्पन्न आणि वारसाच्या लग्नाचा अधिकार मालकाकडे जाई. नाबालिग मूल लढू शकत नाही, तेव्हा लढाईची सोय मालकाने पाहावी, हे त्यामागचे मूळ कारण. पण त्याचा बाजार झाला. कॉकफील्डचा अॅडम वारला तेव्हा त्याची वारस अवघी तीन महिन्यांची मुलगी होती. तिचे पालकत्व सॅमसनने कॅंटरबरीचे आर्चबिशप ह्यूबर्ट यांना 100 पाऊंडांना दिले. त्यांनी ते पुढे 500 मार्कांना विकले. मार्क म्हणजे पाऊंडाचा दोन-तृतीयांश, म्हणजे तान्ह्या मुलीची किंमत तिपटीहून जास्त झाली होती.

हा सगळा डोलारा ज्यांच्या श्रमावर उभा होता ते शेतकरी यात कुठे होते? त्यांतले बरेचसे भूदास होते. गाव सोडून जायची त्यांना मोकळीक नसे. भरल्या घरच्या भूदासाकडे साधारण 30 एकर जमीन असे, तीही एका ठिकाणी नव्हे, तर गावच्या मोठ्या शेतांमध्ये विखुरलेल्या लांबट पट्ट्यांची. तिच्या बदल्यात आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात वेठ, सुगीत त्याहून जास्त. मुलीच्या लग्नाला मालकाची परवानगी आणि त्यासाठी पैसे. घरचा कर्ता मेला की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाच्या दावणीला. मालकाकडून त्याला मिळे ते संरक्षण, गावच्या कचेरीत न्याय, आणि सुगीच्या जादा वेठीच्या दिवशी रिवाजाप्रमाणे जेवण. रिवाज पाळला जाई तोवर त्याची जमीन सहसा त्याच्याकडे राही आणि मुलाकडे जाई. पण मालकानेच रिवाज मोडला तर? स्वतंत्र माणूस राजाच्या न्यायालयात जाऊ शके. भूदासाला जमिनीच्या तक्रारीसाठी ती दारे बंद होती. नाइटाकडे करार होता, शेतकऱ्याकडे गावाची आठवण, आणि माझ्या मते खरी दरी इथेच होती.

दळणसुद्धा मालकाच्याच गिरणीत करावे लागे. 1191 मध्ये हर्बर्ट नावाच्या धर्मगुरूने स्वतःची पवनचक्की उभारली. वारा कोणाच्या मालकीचा नाही आणि मी फक्त माझेच धान्य दळणार, असे तो म्हणाला. सॅमसन भयंकर संतापला. लोक तुझ्याकडे धावतील आणि माझ्या गिरण्या बुडतील, असे त्याने सुनावले. हर्बर्टने घाबरून आपल्याच माणसांकरवी चक्की मोडून टाकली.

बरीच्या गावकऱ्यांनी कापणीच्या वेठीऐवजी घरटी एक पेनी द्यायची जुनी पद्धत होती. गरिबांकडे ती पेनीही नसे. मग मठाचे कोठारप्रमुख घरात शिरून तिवई, भांडे, मिळेल ती वस्तू उचलत. जोसलिन लिहितो की म्हाताऱ्या बायका सूतकताईच्या काठ्या उगारून धावून येत. पुढे सॅमसनने घरोघरची वसुली थांबवून गावाकडून वर्षाला ठोक 20 शिलिंग घेण्याचे ठरवले. सॅमसन निर्दय नव्हता. थॉर्प गावचा कारभार त्याने फ्रेंचचे अक्षरही न येणाऱ्या एका इंग्रज भूदासाकडे सोपवला, कारण तो उत्तम शेतकरी होता आणि त्याच्यावर भरवसा होता. पण भल्या मालकाचा चांगुलपणा हा हक्क नव्हे, आणि पुढचा मालक कसा निघेल याची खात्री नव्हती.

ही घडी मोडली ती 1348-49 च्या प्लेगने. मजूर इतके कमी झाले की उरलेल्यांना जास्त मजुरी मागता येऊ लागली. 1351 मध्ये संसदेने मजुरीवर कायद्याने मर्यादा घातली. 1377 मध्ये दक्षिणेतल्या कित्येक गावच्या शेतकऱ्यांनी 1086 च्या जमीन-पाहणीच्या, डूम्सडे बुकच्या, अधिकृत नकला विकत घेतल्या. आमच्यावर वेठ नव्हतीच, असे त्यांना त्या दप्तरातून दाखवायचे होते. गावाच्या आठवणीला कागदाची जोड देण्याची ती धडपड होती, पण तो पुरावा मानला गेला नाही. 1381 मध्ये उठाव झाला तेव्हा बरीच्या मठाच्या प्रायरला आणि राज्याचे मुख्य न्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश यांना जमावाने ठार केले आणि साधूंकडून जुन्या सनदा मागितल्या. उठाव चिरडला गेला, बरीला मोठा दंड बसला. तरी मजूर मिळत नव्हते, म्हणून वेठीऐवजी खंड घेऊन जमीन देणे मालकांनाच परवडू लागले. पुढच्या शतकभरात वेठ विरत गेली. नाइटांची लष्करी सेवा 1660 मध्ये संसदेने रीतसर रद्द केली; भूदासांना मुक्त करणारा असा कायदा मात्र इंग्लंडमध्ये कधी झालाच नाही.