माईंचा गुलाब आणि आपलं उत्तर

आमच्या शहापुरातल्या गल्लीत माई एकट्या राहतात. मुलगा बेंगळुरूला. सकाळी सहाच्या सुमारास त्यांचा गुलाब माझ्या व्हॉट्सॲपवर येतो, खाली ‘शुभ सकाळ’. त्या चित्रात वाचण्यासारखं काही नसतं. ‘मी उठले, तू आहेस ना?’ एवढंच त्यात असतं, आणि उत्तरही त्याचंच द्यायचं.

अंगठा पाठवला की बोलणं तिथेच मिटतं. ‘कशा आहात?’ विचारलं तर ‘बरी आहे’ येतं आणि पुन्हा शांतता. म्हणून माझं उत्तर दोन वाक्यांचं असतं: एक माझं आणि एक त्यांना सहज उत्तर देता येईल असा प्रश्न. परवा लिहिलं, ‘माई, आज पहिला तास साडेआठला, पोहे खाऊन निघालो. तुमच्याकडे नळाला पाणी आलं का?’ त्यावर पाणी कमी दाबानं आल्याची, बादल्या भरताना कंबर धरल्याची हकिगत आली. कंबरेचं मला एरवी कळलंच नसतं! संध्याकाळी जाऊन दोन बादल्या भरून दिल्या.

मोतीबिंदूमुळे त्यांना टाइप करणं जड जातं. त्यांना माइकचं बटण दाबून धरून बोलायला शिकवलं. मीही वीसेक सेकंदांचा आवाज पाठवतो, हळू बोलून. लिहिलेल्या ओळीपेक्षा आवाज त्यांना जास्त आवडतो. एकच निरोप दोनदा ऐकतात म्हणे.

उत्तर मात्र लगेच देत नाही. रोज सहाला दिलं की एक दिवस उशीर झाला तरी जीव टांगणीला लागतो. कॉलेजला निघताना, आठच्या आसपास, ही वेळ त्यांनाही ठाऊक आहे. परीक्षेच्या आधीच सांगतो, ‘माई, सोमवारपासून पेपर. आठवडाभर नुसता नमस्कार येईल, रविवारी अकराला फोन करतो.’ आणि रविवारी फोन करायचाच. ‘रोज बोलू हं’ असं तोंडभरून सांगून गप्प बसणं मला सगळ्यात वाईट वाटतं.

गुलाब आलाच नाही तर? नऊपर्यंत वाट बघतो, मग मीच ‘माई, उठलात ना?’ विचारतो. एकच करडी खूण राहिली तर फोन बंद असेल किंवा नेट नसेल. दोन करड्या म्हणजे निरोप पोचला, पण बहुधा पाहिलेला नाही. निळ्या खुणेवर विसंबत नाही, कारण ती सेटिंगमधून बंद करता येते. मग साधा फोन. तोही उचलला नाही तर शेजारच्या काकूंना दार वाजवायला सांगतो. काकूंचा नंबर मी माईंना विचारूनच घेऊन ठेवलाय. एकदा असंच झालं, तर चार्जर सैल झाला होता आणि माई निवांत तांदूळ निवडत बसल्या होत्या.